कंपनीला वय नसतं



ज्यांच्या स्मृतीसाठी यवतमाळची ही व्याख्यानमाला भरते, ते गुरुजी व्याकरण शिकवायचे असं मला संयोजकांनी सांगितलं, आणि माझी हिंमत वाढली. सर्वनामावर तासभर बोललं तर निदान या सभागृहात कुणी उठून जाणार नाही, असा माझा हिशेब आहे. विषय छोटा आहे. इंग्रजीत विचार करणारी एखादी कंपनी तरुण गिऱ्हाइकाशी गोड, मोकळं, मैत्रीचं बोलते. ते बोलणं मराठीत आणायचं. मग त्या पोराला, त्या पोरीला काय म्हणायचं? तू, तुम्ही की आपण?

इंग्रजीला हा प्रश्न पडत नाही. तिच्याकडे एकच 'यू' आहे. एके काळी 'दाउ' होता, म्हणजे आपला 'तू'. तो हळूहळू बोलण्यातून गेला, आणि उरलेला 'यू' राजालाही चालतो आणि कुत्र्यालाही. आता नीट लक्ष द्या. सगळ्यांना तोच शब्द लागू पडत असेल, तर त्या शब्दात जवळीक असेल का? नसणारच. इंग्रजी कंपनीचा गोडवा 'यू'मध्ये नसतो. तो असतो आखूड वाक्यांत, बोलीतल्या संक्षिप्त रूपांत, सुरुवातीच्या 'हे'मध्ये, नाव घेऊन हाक मारण्यात, चूक झाली तर 'ऊप्स' म्हणण्यात. मराठीत आणताना मात्र कंपनीचा माणूस एवढंच सांगतो, 'आमचा आवाज फ्रेंडली आहे, गिऱ्हाईक अठरा ते चोवीस वयाचं आहे, तेव्हा तू करा.' वाक्याच्या दहा जागी पसरलेला गोडवा एका सर्वनामात कोंबायचा, अशी ही मागणी आहे. हा घोळ इथून सुरू होतो.

मराठीत 'तू' कोण कुणाला म्हणतं, हे आधी पाहू. त्याच्या तीन दिशा आहेत. एक खालच्या दिशेने: मोठा लहानाला, मामा भाच्याला, गुरुजी विद्यार्थ्याला, आणि हेही बोललं पाहिजे, मालक मजुराला, साहेब शिपायाला, गावातला वरचा गावकुसाबाहेरच्याला. दुसरी बरोबरीची: मित्र मित्राला, बहीण बहिणीला, वर्गातली पोरं एकमेकांना. तिसरी वरच्या दिशेने: आईला आणि देवाला. विठ्ठलाला 'अहो विठ्ठलपंत, आपण कधी येता' असं कुणी म्हणत नाही. तिन्ही ठिकाणी शब्द एकच, पण प्रत्येक ठिकाणी त्याला परवाना लागतो. वयाचा परवाना, सोबतीचा परवाना, किंवा पोटातल्या नात्याचा.

आता सांगा, बूट विकणारी कंपनी यातली कोण? ती तुमची मामी आहे का? वर्गमित्र आहे का? आई आहे का? कंपनीला वय नसतं. तिने 'तू' म्हटलं की ऐकणारा तिला तिन्हीतली एक जागा आपल्या मनाने देतो. गाणं चालू असेल, चित्र हसरं असेल, तेव्हा तो तिला मित्र समजेल. पण पैसे अडकले, माल आला नाही, आणि त्याच कंपनीने लिहिलं, 'तू चुकीचा पिन टाकलास', की त्याच क्षणी तो मित्र साहेब होतो. शब्द बदलला नाही, दिशा बदलली. आणि 'अरे-तुरे' हा आपल्याकडे भांडणाचाही शब्द आहे, हे मी या जिल्ह्यात वेगळं सांगायला नको. ज्यांच्या आजोबांना कचेरीत, दुकानात, सोसायटीच्या खिडकीवर आयुष्यभर 'तू' ऐकावं लागलं, त्यांची नातवंडं आज पहिल्यांदा आपल्या नावाच्या खात्यातून आपल्या पैशाने वस्तू मागवतात. त्यांना 'तुम्ही' ऐकायला थंड वाटतं, असं मुंबईत बसून कुणी ठरवलं?

मग 'आपण' घ्यावं का? इथे दुसरा घोटाळा आहे, आणि तो बहुतेक वेळा हिंदीच्या वाटेने येतो. पुष्कळ मजकूर इंग्रजीतून आधी हिंदीत जातो आणि हिंदीवरून मराठीत उतरतो. हिंदीत तू, तुम, आप अशा तीन पायऱ्या. हिंदीचा 'आप' रोजचा आहे. रिक्षावालाही 'आप' म्हणतो, सासूही जावयाला म्हणते. त्याच्या जागी मराठीत 'आपण' बसवलं की दिसायला सारखं, पण ऐकायला थेट निमंत्रणपत्रिका. 'आपण सहकुटुंब उपस्थित राहावे.' आपला 'आपण' हिंदीच्या 'आप'पेक्षा पायरीभर उंच उभा आहे. शिवाय त्याचा दुसरा अर्थ रोजच्या वापरात कितीतरी जास्त चालतो: आपण सगळे, तू आणि मी मिळून. 'आपले खाते बंद झाले आहे', म्हणजे कुणाचं? तुमचं, की आपल्या दोघांचं? इंग्रजी कंपन्यांना 'लेट्स' फार आवडतो, 'चला, पुन्हा करून पाहू' या अर्थाने, आणि तिथे 'आपण' खरंच हवा असतो. पण मागच्या ओळीत तोच 'आपण' आदरार्थी वापरून झालेला असेल, तर पुढच्या ओळीत तो सोबतीचा आहे हे वाचणाऱ्याने ओळखायचं कसं?

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं. मराठीत थंडी आणि ऊब यांची सीमा तू आणि तुम्ही यांच्यामध्ये नाही. ती तुम्ही आणि आपण यांच्यामध्ये आहे. 'आपण आपला क्रमांक प्रविष्ट करावा' आणि 'तुमचा नंबर टाका' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. दुसऱ्यात 'तू' कुठे आहे? तरी ते वाक्य माणसाचं वाटतं. ही ऊब आली कुठून? 'प्रविष्ट' जाऊन 'टाका' आलं, 'करावा' जाऊन आज्ञार्थ आला, 'क्रमांक' जाऊन 'नंबर' आला. त्यात 'टाकले'ऐवजी 'टाकलं' असं बोलीतलं अनुस्वाराचं रूप घ्या, जिथे शोभेल तिथे एखादा 'ना', एखादं 'बरं का' घाला, 'कृपया' काढून टाका. एवढं केल्यावर 'तुम्ही' जड वाटतो असं म्हणणारा तरुण मला तरी भेटला नाही.

याचा पुरावा हवा असेल तर दत्त चौकातल्या कपड्याच्या दुकानात जा. एकोणीस वर्षांची मुलगी पायरी चढते. काउंटरवरचा माणूस काय म्हणतो? 'या ताई, बसा. काय दाखवू?' पोराला म्हणतो, 'या भाऊ.' विदर्भात 'भाऊ' तर सगळीकडे चालतो, आणि त्याच्यासोबत क्रियापद येतं ते 'या', 'बसा', 'पाहा'. नातं जवळचं, क्रियापद मानाचं. मार्केटिंगची पुस्तकं न वाचता बाजाराने हे कोडं कधीचं सोडवून ठेवलंय. (भाजीवाली आजी त्याच मुलीला 'घे ना पोरी' म्हणते, तेही खरं. पण तिच्याकडे वयाचा परवाना आहे.)

यातून एक बारीक गोष्ट निघते. इंग्रजीत 'हाय प्रिया' लिहिलेलं असतं, ते मराठीत 'प्रिया, तुमची ऑर्डर निघाली' असं होतं. उघडं पहिलं नाव आणि पुढे 'तुम्ही' हे कानाला खटकतं. नाव एका पायरीवर, क्रियापद दुसऱ्या. म्हणून काही जण 'तू'कडे वळतात. पण सोपा उपाय नाव गाळण्याचा आहे. मराठी बोलण्यात समोरच्याचं नाव आपण तसंही दर वाक्याला घेत नाही. 'ऑर्डर निघाली. उद्या संध्याकाळपर्यंत पोहोचेल.' पुरे आहे.

आता व्याकरणाकडे येतो, कारण गुरुजींचं देणं फेडायचं आहे, आणि व्यवहारात 'तू' अडखळतो तो बहुतेक इथेच. 'तू' घेतला की क्रियापदाला लिंग लागतं. तू करतोस, तू करतेस. तू आलास, तू आलीस. कंपनीला गिऱ्हाईक मुलगा की मुलगी हे माहीत नसतं, आणि विचारण्याचं कारणही नसतं. मग छापलं जातं 'तू शोधतोस/शोधतेस'. मैत्रीच्या मध्ये तिरकी रेघ! दोस्ताने कधी तुम्हाला तिरकी रेघ मारून हाक मारली आहे का? नाहीतर सरसकट 'शोधतोस' छापतात आणि निम्म्या गिऱ्हाइकांना पुरुष करून टाकतात. 'तुम्ही'चं तसं नाही. 'तुम्ही शोधता' दोघांना चालतं, 'तुम्ही आलात' दोघांना चालतं. फक्त 'आला आहात' आणि 'आल्या आहात' इथे लिंग डोकावतं, तेवढी रचना टाळायची.

समजा, काही कारणाने 'तू' घ्यायचंच ठरलं. तरी वाट आहे, पण अरुंद. भविष्यकाळ लिंग सांगत नाही: करशील, बघशील. आज्ञार्थ सांगत नाही: कर, बघ. 'तुला आवडेल' मध्ये क्रियापद वस्तूकडे बघतं, तुझ्याकडे नाही. 'तू काय निवडलंस' मध्येही तेच, कारण सकर्मक भूतकाळ कर्माच्या मागे चालतो. 'करत आहेस' निभावतं, 'करतोयस' निभावत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे अकर्मक भूतकाळ: पोहोचलास, परतलास, जिंकलास. आणि दुर्दैव असं, की तरुणांचं ॲप सारखं हेच म्हणत असतं. इंग्रजीत 'यू आर ऑलमोस्ट देअर' दर दोन पानांनी येतं. त्याचं 'तू जवळजवळ पोहोचलास/पोहोचलीस' करू नका. 'आता थोडंच राहिलं' म्हणा. सर्वनाम नाही, लिंग नाही, आणि बोलणंही आपलं.

यवतमाळच्या कानाला आणखी एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या भाषांतरकाराला सहसा दिसत नाही. प्रमाण मराठीत 'तू'ला शेपूट असते, तो 'स'. आलास, केलंस, निवडलंस. आपल्याकडे तो बोलण्यात येतो का? 'तू कवा आला?' 'काय करून राहिला?' 'काय आणलं?' वऱ्हाडीत तो 'स' गळलेला आहे, आणि शिकल्यासवरल्या घरातही पुष्कळदा गळतो. तेव्हा छापील 'तू काय निवडलंस?' इथल्या पोराला मित्राचं बोलणं वाटत नाही, पुण्याहून आलेल्या भावंडाचं बोलणं वाटतं. जवळ यायला म्हणून घेतलेला शब्दच लांबचा निघाला! 'तुम्ही'ची 'त'ची शेपूटही आपण बोलताना गाळतो, 'तुम्ही कधी आले' म्हणतो, हे मला मान्य आहे. पण 'आलात' हे रूप पाठ्यपुस्तकातून आणि छापील मजकुरातून सवयीचं झालं आहे, ते गावाचं नाव सांगत नाही. आणि मग कुणी म्हणेल, कंपनीने सरळ वऱ्हाडीत 'येजो' लिहावं. एखाद्या फलकावर गंमत म्हणून लिहावं जरूर. पण पैशांच्या संदेशात बोली वापरली तर थट्टा वाटेल, आणि या जिल्ह्यात कोलामी, गोंडी, बंजारा, तेलुगू, उर्दू घरी बोलणारी किती मुलं मराठी दुसरी भाषा म्हणून वाचतात, तेही ध्यानात ठेवा.

आता एक उदाहरण टोकापासून टोकापर्यंत घेऊ. बूट विकणारी एक कल्पित कंपनी धरा. तिचा इंग्रजी मजकूर हसरा आहे आणि तिला विदर्भातल्या कॉलेजच्या मुलांपर्यंत जायचं आहे.

पहिला संदेश स्वागताचा. 'तुम्ही इथे आहात याचा खूप आनंद झाला', असं काहीसं इंग्रजी. आदरवाला भाषांतरकार लिहितो, 'आपले हार्दिक स्वागत आहे.' हे लग्नाच्या कमानीवरचं वाक्य झालं. दोस्तीवाला लिहितो, 'हाय! तू आलास/आलीस, भारी वाटलं!' मी लिहीन, 'या, या! बरं झालं आलात.' दारात उभं राहून कुणीही म्हणेल असं.

दुसरा, पिशवीत माल ठेवून गिऱ्हाईक निघून गेलं तेव्हाचा. इंग्रजी म्हणतं, तू काहीतरी मागे सोडलंस. मराठीत 'मागे सोडलं' म्हटलं की निवर्तलेल्या माणसाच्या इस्टेटीची आठवण होते. इथे सर्वनामाची गरजच काय? 'बूट अजून पिशवीतच आहेत. घ्यायचे का?'

तिसरा सगळ्यात नाजूक. पैसे भरताना व्यवहार अडला. इंग्रजी 'ऊप्स' म्हणून खांदे उडवतं. एकाने लिहिलं, 'अरेरे! तुझे पैसे गेले नाहीत. चल, पुन्हा ट्राय कर.' आता मराठीत 'पैसे गेले' म्हणजे बुडाले. 'गेले नाहीत' वाचून पोरगा आधी आनंदेल, मग खात्यात बघेल आणि घाबरेल. त्यात 'तुझे' आणि 'चल' यांनी कंपनीने त्याच्या काळजीची थट्टा केल्यासारखं होतं. इथे विनोद बाहेर ठेवायचा आणि पूर्ण वाक्यं लिहायची: 'पैसे भरले गेले नाहीत. खात्यातून रक्कम वजा झाली असेल, तर ती परत जमा होईल. थोड्या वेळाने पुन्हा करून पाहा.' किती दिवसांत जमा होईल तेही लिहा, कारण घाबरलेल्या माणसाला आकडा हवा असतो. आणि हा संदेश ज्या फोनवर येतो तो फोन गावात पुष्कळदा एकट्या मुलाचा नसतो. मुलगा कॉलेजात, फोन घरी, संदेश वडील वाचतात. 'तू' वडिलांना लागतो.

चौथा तक्रारीचा. त्यावर वेळ घालवत नाही. तक्रार करणाऱ्या माणसाला 'तू' म्हणून कुणाचं भलं झालेलं नाही.

पाचवा मात्र वेगळा: जाहिरातीची ओळ. भिंतभर चित्र, पहाट, रस्ता, आणि खाली दोन छोटी वाक्यं: 'पळ. थांबू नको.' इथे मी 'तू' घेईन, बेधडक. का? कारण हे कंपनी बोलतच नाही. पळणाऱ्याच्या मनातला आवाज बोलतो, आणि मनातल्या आवाजाला प्रत्येक जण 'तू'च असतो. गाणं, कथेतलं पात्र, मैत्रिणीच्या तोंडचा संवाद यांनाही हेच लागू. बोलणारा कंपनी नसून माणूस असेल, तर त्या माणसाच्या नात्याने सर्वनाम ठरतं. आणि गंमत बघा, फोनवरचं बटण यातच येतं. 'पाठव' असं बटण लिहिलं, तर ते गिऱ्हाइकाने फोनला दिलेली आज्ञा म्हणून वाचता येतं, 'पाठवा' लिहिलं तर कंपनीने गिऱ्हाइकाला केलेली विनंती. दोन्ही चालतात, पण एका पानावर 'पाठव' आणि दुसऱ्यावर 'जतन करा' हे चालत नाही. असं का होतं? तुटक शब्द वेगवेगळ्या लोकांकडे भाषांतराला जातात, आणि कोण कुणाशी बोलतंय हे कुणालाच सांगितलेलं नसतं. 'तुम्ही' आणि 'तुझे' एकाच वाक्यात दिसले, तर समजा की त्या वाक्याला दोन हात लागले आहेत.

जाता जाता बाहेरच्या जगाबद्दल, कारण कंपनीचा माणूस तिथला दाखला देतो. 'स्वीडनमध्ये सगळे एकमेकांना तूच म्हणतात, आयकिया जर्मनीतही तूच म्हणते, मग आपण का नाही?' बरोबर आहे. पण स्वीडनमध्ये आधी काय झालं? 1967 साली ब्रूर रेक्सेड नावाचे आरोग्य खात्याचे नवे प्रमुख आले आणि म्हणाले, मी सगळ्या कर्मचाऱ्यांना 'तू' म्हणणार. अर्थ उघड होता: तुम्हीही मला म्हणा. ही लाट तेव्हा तिथल्या कचेऱ्यांतून, घरांतून आधीच उठत होती. तिथे 'तू' वरून खाली आणि खालून वर, दोन्हीकडे वाहू लागला. आपल्याकडे गिऱ्हाइकाने कंपनीच्या माणसाला फोनवर 'तू' म्हटलं तर चालेल का? ज्या दिवशी चालेल, त्या दिवशी कंपनीचा 'तू' बरोबरीचा होईल. 1960 मध्ये ब्राउन आणि गिलमन या दोन अभ्यासकांनी युरोपी भाषांच्या सर्वनामांवर लिहिताना हाच भेद मांडला: एक सत्तेचा 'तू', एक सोबतीचा 'तू', आणि ओळख एवढीच की दुसऱ्यात उत्तरही 'तू'नेच येतं.

शेवटचा एक आक्षेप घेतो. 'तुम्ही' म्हणजे मोठेपणा, तरुणांना म्हातारं झाल्यासारखं वाटतं. मी विचारतो, वर्गातल्या गुरुजींनी सगळ्या मुलांना मिळून काय म्हटलं? 'तुम्ही उद्या वह्या आणा.' तिथे कुणी म्हातारं झालं का? 'तुम्ही' अनेकवचनही आहे. जाहिरात, सूचना, पोस्ट ही मुळात अनेकांना लिहिलेली असते, तेव्हा तिथला 'तुम्ही' मानाचा आहे की गर्दीचा, हे वाचणाऱ्याला ठरवावंच लागत नाही. 'तू' घेणाऱ्याला ही सवलत मिळत नाही.

या सभागृहात अमरावती विद्यापीठाच्या कॉलेजांतली पुष्कळ मुलं-मुली दिसतात, आणि त्यातले काही जण असं भाषांतराचं काम घरबसल्या करत असतील. तुम्हाला एक विनंती आहे. काम हाती घेण्याआधी कंपनीकडून दोन गोष्टी लेखी मागा: प्रत्येक संदेशात बोलतंय कोण, आणि वाचणारा त्या वेळी पैशांच्या, काळजीच्या की करमणुकीच्या मनःस्थितीत आहे. उत्तर आलं नाही तर 'तुम्ही' लिहा, वाक्य बोलीतलं ठेवा, आणि बिल पाठवताना मात्र त्यांना 'आपण' म्हणा.